अकरा दिवस मागे

भेट-केंद्राच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला खेळण्यांची कपाटं, डाव्या हाताला पाण्याची टाकी आणि समोर काचेमागे यादीताई. कोर्टाने ज्यांचे संसार मोडले त्यांची पोरं इथे आई किंवा बापाला भेटायची. कोणी पहिल्या शनिवारी, कोणी दर पंधरवड्याला, कोणी फक्त सणाच्या दिवशी. कोण, कधी, किती वाजता, हे सगळं यादीताईच्या संगणकात. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पोरं, आया, बाप, पहारेकरी, झाडूवाली मावशी, सगळे तिला यादीताईच म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

तिच्या आधी हे काम मास्तर करायचे. मास्तर कधी शाळेत शिकवायला नव्हते, पण अक्षर तसं होतं आणि चष्म्यावरून बघायची सवयही तशीच. त्यांची एक जाडजूड वही होती. तिच्यात दर वर्षाला एक पान आणि पानावर सगळ्या समाजांचे सण. काही तारखा पेन्सिलने, काही शाईने. डिसेंबरात मास्तर फोन घेऊन बसत आणि कुठल्या कुठल्या मंडळांना विचारत, “यंदा तुमचा सण कधी?” अर्धा दिवस त्यात जायचा. यादीताई तेव्हा नवीन होती. एका फोनला एवढा वेळ घालवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

मास्तर निवृत्त झाले आणि संगणक आला. अधीक्षकसाहेब म्हणाले, “सणांची यादी एकदाच भरून टाका. दर वर्षी हात लावायला नको.” यादीताईला हे वाक्य फार पटलं. ठरलेल्या तारखेचे सण तिने दहा मिनिटांत भरले. मग आले चंद्रावर चालणारे सण, जे दर वर्षी जागा बदलतात. त्यातला एक अगदी छोट्या समाजाचा होता. तो सरकारी सुट्ट्यांच्या यादीतही नव्हता, आणि केंद्रात तो साजरा करणारं कुटुंब एकच होतं. एका वेल्डरचं.

तिने वही उघडली. पाच वर्षांची पाच पानं. ४ ऑक्टोबर, २४ सप्टेंबर, १३ सप्टेंबर, १ ऑक्टोबर, २१ सप्टेंबर. तिने बोटांवर मोजलं. सण दहा-अकरा दिवस मागे येतो, पुन्हा दहा-अकरा दिवस मागे येतो, पण चौथ्या पानावर एकदम अठरा दिवस पुढे, आणि मग पुन्हा मागे. चार उड्यांपैकी तीन मागे आणि एक पुढे. म्हणजे ती एक चुकलेली. “मास्तरांचा हात घसरला वाटतं,” ती झाडूवाल्या मावशीला हसत म्हणाली. “एवढा शाईचा माणूस, आणि महिनाच चुकला!”

संगणकात तिने नियम घातला, दर वर्षी अकरा दिवस मागे. एखाद्या दिवसाचा फरक पडू नये म्हणून एक खबरदारीही घेतली. सण पौर्णिमेचा आहे एवढं तिला माहीत होतं. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यात पौर्णिमेला पांढरा गोल छापलेला असायचा. संगणकाची तारीख आणि पांढरा गोल जुळला की तिने टिचकी मारायची. पहिल्या वर्षी १० सप्टेंबर आलं. पांढरा गोल, टिचकी. वेल्डर आला, पोरीला घेऊन गेला, संध्याकाळी सातला परत आणून सोडली. पोरीच्या अंगावर नवा फ्रॉक होता आणि तोंड गोड खाऊन चिकट झालेलं. सगळं बिनबोभाट पार पडलं. साहेबांनी यादीताईचं कौतुक केलं, आणि वही कपाटात सगळ्यात खाली गेली.

दुसऱ्या वर्षी नियमाने ३० ऑगस्ट काढली. कॅलेंडरात ३० ऑगस्टला पांढरा गोल होता. टिचकी.

वेल्डरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तो बारा तासांच्या बसप्रवासाइतक्या लांबच्या कारखान्यात काम करायचा. बॉयलर बंद पडले की दिवसरात्र जोडकाम. त्याला भेटीचे दिवस थोडे मिळाले होते, त्यातला सणाचा दिवस सगळ्यात मोठा, सकाळी दहा ते संध्याकाळी सात, केंद्राबाहेर. बाकीच्या भेटी म्हणजे केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास. तो दोनदा आला नव्हता. एकदा बस घाटात बंद पडली, एकदा कारखान्याने सोडलं नाही. दोन्ही वेळा ‘अनुपस्थित’ नोंद झाली. केंद्राचा नियम साधा होता. तीन अनुपस्थिती झाल्या की संगणक आपणहून कोर्टाला कळवतो आणि सुनावणी होईपर्यंत भेटी बंद.

एकोणतीस ऑगस्टला दुपारी त्याचा फोन आला. मागे यंत्रांचा कल्ला चालू होता.

“ताई, मला मेसेज आला. उद्या सणाची भेट म्हणून.”

“हो, बरोबर आहे.”

“अहो पण सण उद्या नाहीये. सण पुढच्या महिन्यात आहे. एकोणतीसला.”

यादीताईने पडद्याकडे पाहिलं. मग कॅलेंडराकडे पाहिलं. “उद्या पौर्णिमा आहे ना?”

“पौर्णिमा आहे, पण ही ती नव्हे. यंदा जास्तीचा महिना पडला ना.”

यादीताईने काचेबाहेर पाहिलं. तिथे एक आई आणि एक आजी कोणाच्या हातून डबा न्यायचा यावरून भांडत होत्या. या खुर्चीवर बसून तिने इतके बहाणे ऐकले होते की बहाण्यांचं दुकान काढता आलं असतं. ताप आला, गाडी चुकली, सासू वारली. एकाची सासू वर्षात दोनदा वारली होती. आणि आता हा, जास्तीचा महिना. असा बहाणा मात्र नवा होता.

“हे बघा दादा,” ती म्हणाली, “माझ्या सिस्टीममध्ये उद्या आहे. तुम्ही येणार की नाही, तेवढं सांगा.”

“आत्ता निघालो तरी पोचत नाही ताई. रात्रपाळी आहे. मी सणाला येतो ना. दर वर्षी येतोच की.”

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘कामाचे कारण सांगितले.’

दुसऱ्या दिवशी दहाला मुलीची आई मुलीला घेऊन आली. उंच, शांत बाई. कुठल्याशा दवाखान्यात रक्त तपासायची. तिचा वकील तिला सांगायचा, बोलावलं की जायचं, वेळेवर जायचं, सही करून यायचं. ती बसली. आठ वर्षांची पोर खेळण्यांच्या कपाटाशी जाऊन उभी राहिली, पण एकही खेळणं तिने काढलं नाही. साडेदहा वाजले, अकरा वाजले. पोर काचेपाशी आली आणि टाचा उंचावून म्हणाली,

“ताई, पण आज सण नाहीये.”

“यादीत आहे बाळ,” यादीताई म्हणाली.

“पण नाहीये. सणाला आजी सकाळी उठवते. आज नाही उठवलं.”

यादीताईला हसू आलं. “तुझी आजी विसरली असेल.”

पोरीने आईकडे पाहिलं. आई मोबाइलमध्ये बघत होती. बारा वाजता आईने सही केली, ‘हजर, वडील आले नाहीत’, आणि दोघी गेल्या. यादीताईने ‘अनुपस्थित’ निवडलं. पडद्यावर एक लाल पट्टी आली आणि लगेच हिरवी झाली. पत्र गेलं होतं. त्यापुढे तिला काही करावं लागलं नाही, त्या सोयीसाठीच तर संगणक आणला होता.

एकोणतीस सप्टेंबरला सकाळी पावणेदहाला वेल्डर दारात उभा. डोळे लाल, दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पिवळ्या कापडाचा कोपरा बाहेर आला होता. पहारेकऱ्याने त्याला अडवलं. “तुमच्या भेटी बंद आहेत, दादा.”

“तो मेसेज मिळाला मला. चुकून आलाय. मी ताईंशी बोलतो.”

तो काचेपाशी आला आणि त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या मंडळाने छापलेलं पत्रक होतं. वर्षभराचे सण, तारखांसकट. एकोणतीस सप्टेंबरच्या भोवती त्याने पेनने गोल केला होता.

“सण आज आहे. हे बघा. फोनवर सांगितलं होतं ना मी तुम्हाला?”

यादीताईने कागद वाचला. मग उठली, कपाटाच्या तळातून वही काढली आणि उभ्या उभ्याच चौथं पान उघडलं. १ ऑक्टोबर, शाईने. बाजूला मास्तरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मंडळास विचारले. जास्तीचा महिना. दोन्ही पालकांस कळवले.’ ती ओळ तिथे पहिल्यापासून होती. तिने त्या पानावरची फक्त तारीख वाचली होती.

तिने वही मिटली.

“बसा,” ती म्हणाली. “मी आईला फोन करते.”

आईने फोन उचलला. यादीताईने सगळं सांगितलं, चूक आमची आहे, सण आज आहे, मुलीला आणता का?

“सण आज आहे हे मला माहीतच आहे,” आई म्हणाली. “आमच्या घरात सकाळपासून चाललंय.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“मला कोणी विचारलं? तुम्ही बोलावलंत, मी आले, सही केली. आता कोर्टाने भेटी थांबवल्यात. मी कशी आणू? उद्या तुम्हीच म्हणाल, आदेश मोडला.”

कायद्याने ती बाई बरोबरच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असंच होत असावं, सगळे कागद जागच्या जागी ठेवून.

वेल्डर एक वाजेपर्यंत बसला. मग त्याने पिशवी काचेखालून सरकवली. “पोरगी सणाच्या भेटीला आली तर द्या,” म्हणाला. पिवळा फ्रॉक होता. तो आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं, त्याने केला असता तर तिला बरंच वाटलं असतं. त्याने फक्त एवढं विचारलं, “मी त्या दिवशी खोटं बोलतोय असं वाटलं का तुम्हाला?” तिने पिशवी उचलून कपाटात ठेवली.

त्याच संध्याकाळी ती मास्तरांकडे गेली. मास्तर गॅलरीत बसून मटार सोलत होते. तिने वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं, त्यांच्यावर हसल्याचंही. मास्तर सोलायचे थांबले नाहीत.

“चंद्राचे बारा महिने म्हणजे तीनशे चोपन्न दिवस,” ते म्हणाले. “इंग्रजी वर्षापेक्षा अकरा कमी. म्हणून सण मागे सरकतो, हे तुझं बरोबर. पण असाच सरकत राहिला तर हिवाळ्याचा सण उन्हाळ्यात जाईल. म्हणून हे लोक दोन-तीन वर्षांनी एक अख्खा महिना जास्तीचा घालतात, आपल्या अधिक मासासारखाच. त्या वर्षी सण पुढे उडी मारतो, अठरा-एकोणीस दिवस. काही समाज महिना घालतच नाहीत, त्यांचे सण सगळ्या ऋतूंतून फिरतात. आणि काही ठिकाणी आदल्या रात्री चंद्र दिसला तरच सण ठरतो.”

“पण पौर्णिमा जुळत होती हो, मास्तर.”

“जुळणारच. तू बरोबर एक महिना चुकलीस. पौर्णिमा दर महिन्याला येते.” त्यांनी एक शेंग फोडली. “म्हणून नियम करायचा नाही. ज्यांचा सण त्यांना विचारायचं, दर वर्षी. जाहीर होईपर्यंत पेन्सिल, झालं की शाई. आणि तारीख बदलली की वही नंतर, आधी त्या दोन माणसांना फोन. अर्धा दिवस जातो. जाऊ दे की. त्या अर्ध्या दिवसाचाच पगार होता मला.”

“आता काय करू?”

“यादी दुरुस्त करशीलच तू. हुशार आहेस.” मास्तरांनी पहिल्यांदा चष्म्यावरून पाहिलं. “पण बैल गेला आणि झोपा केला, पोरी.”

तिने यादी दुरुस्त केली, आणि खरंच छान केली. अकरा दिवसांचा नियम काढून टाकला. प्रत्येक सणाला, प्रत्येक वर्षाला वेगळी ओळ. ओळीत तारीख, ती कोणी सांगितली, कधी सांगितली, कच्ची की पक्की. कच्ची तारीख असली तर त्या दिवसाची भेट पक्की धरलीच जाणार नाही. तारीख बदलली तर संगणक कोणाचीही भेट आपणहून हलवणार नाही, फक्त नावं दाखवणार आणि फोन झाल्याची नोंद मागणार. आणि तारीख पक्की नसलेल्या दिवसाची अनुपस्थिती लागणारच नाही. साहेबांनी हे पाहून मान डोलावली.

“उत्तम. पुढच्या वर्षापासून लागू करा.”

“आणि ती तिसरी अनुपस्थिती, साहेब? ती काढायला हवी.”

“पत्र गेलंय. आता नोंद आपल्या हातात नाही, कोर्टाच्या हातात.”

“मग चूक आपली होती असं कोर्टाला लिहू या.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “लिहिलं की उद्या दहा वकील येतील, आमच्याही अनुपस्थिती चुकीच्या म्हणून. तुम्ही नवीन यादी केलीत ना? बास झालं.”

यादीताईने तरीही लिहिलं. स्वतःच्या नावाने, खऱ्या नावाने, तीन पानं. पाच वर्षांच्या तारखा, मंडळाचं पत्रक, फोनवर तो काय म्हणाला, मुलगी काय म्हणाली, आपण काय उत्तर दिलं. ‘मी त्यांचे ऐकले नाही’ हे वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. साहेबांनी तिला काचेमागून उठवून मागच्या खोलीत फायली लावायला बसवलं. नवीन यादी चालवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून महिन्याभराने परत आणलं. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

सुनावणी जानेवारीत झाली. वेल्डरला पुन्हा रजा काढावी लागली. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी तीन पानं वाचली आणि तिसरी अनुपस्थिती काढून टाकली. भेटी पुन्हा सुरू केल्या. यादीताई मागच्या बाकावर बसली होती, तिला हायसं वाटलं. तेवढ्यात आईचा वकील उठला. मुलीच्या शाळेचं, आईच्या पाळ्यांचं गणित त्याने मांडलं. सण दर वर्षी हलतो, केंद्राचा गोंधळ होतो, पालकांचा गोंधळ होतो, लेकराची फरफट होते. एक तारीख ठरवून द्यावी.

वेल्डर उठून म्हणाला, “साहेब, सण त्या तारखेला नसेल तर?”

न्यायाधीश समजूतदारपणे म्हणाले, “भेट महत्त्वाची, की तारीख?”

बाप खाली बसला. आदेशात लिहिलं गेलं, ‘गोंधळ टाळण्यासाठी सणाची भेट दर वर्षी ठरावीक तारखेस होईल. केंद्राच्या नोंदीतील तारीख, ३० ऑगस्ट, कायम धरावी.’

यादीताईने तीन पानं लिहिली होती ती सण कुठल्या तारखेला नव्हता हे सांगायला. त्या तीन पानांतून कोर्टाने नेमकी तीच तारीख उचलली. तिला उभं राहून ओरडावंसं वाटलं. पण मागच्या बाकावरच्या माणसांना बोलायची सोय नसते.

केंद्रात येऊन तिने आदेश संगणकात भरला. विचारायला मंडळ नको, कच्ची-पक्की नको, फोन नको. दर वर्षी, ३० ऑगस्ट. भरायला अर्धं मिनिट लागलं. आयुष्यात भरलेल्या सगळ्या नोंदींत हीच कधी चुकणार नव्हती.

तीस ऑगस्ट आला. वेल्डर साडेनऊलाच हजर, दाढी करून. आई आली, सही केली, गेली. यादीताईने कपाटातून जपून ठेवलेली कापडी पिशवी काढून त्याच्या हातात दिली. पोरीने आतल्या खोलीत जाऊन फ्रॉक घातला. वर्षभरात ती वाढली होती, फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर आला आणि पाठीची बटणं लागेनात. बापाने वरची दोन लावली, खालची तशीच सोडली, आणि दोघं गेले.

संध्याकाळी पावणेसातला परत आले. बाप कागदावर सही करत होता तेव्हा पोर काचेपाशी आली. आता टाचा उंचावायची गरज पडत नव्हती. यादीताईला काहीतरी बोलायचं होतं, आणि दुसरं काही न सुचून तिच्या तोंडून गेलं, “काय गं, कसा झाला सण?”

पोरीने एकदा बापाकडे पाहिलं. तो ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज बारीक करून म्हणाली,

“सण अजून अठरा दिवसांनी आहे, ताई. पण बाबांसमोर नका बोलू. आम्ही दिवसभर आजच आहे असं खेळलो. संध्याकाळी बाबा मला गच्चीवर घेऊन गेले, चंद्र बघायला. चंद्रच नव्हता.”

बाप सही करून वळला. पोर लगेच हसली आणि त्याचा हात धरून दाराकडे निघाली. तिथे आई वाट बघत होती. यादीताईने ‘उपस्थित’ निवडलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली.